कानाखाली गाल सुजला: गालगुंड ओळखणं, घरची काळजी आणि शाळेचे दिवस मोजणं

शाळेत जाणारं मूल सकाळी उठतं आणि एका बाजूचा गाल कानाखाली फुगलेला दिसतो. आदल्या दिवशी अंग मोडून आलं होतं, जेवताना ‘कान दुखतोय’ अशी तक्रार होती, थोडी कणकण होती. बहुतेक घरांत पहिला संशय दाढेवर जातो, दुसरा गालगुंडावर. दोन्ही शक्य आहेत आणि आणखीही काही शक्यता आहेत. घाबरून जाण्याआधी किंवा मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणण्याआधी पाच मिनिटं नीट बघितलं, तर बराच उलगडा घरीच होतो.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण धरू: तिसरीतली मुलगी, वय ८ वर्षं, वजन २४ किलो, सूज पहिल्यांदा दिसली सोमवारी, ३ फेब्रुवारीला. औषधाचं माप वजनावरून आणि शाळेचे दिवस तारखेवरून ठरतात, म्हणून हे आकडे आधीच ठरवलेले बरे.

सूज नेमकी कुठे आहे

गालगुंडात सुजते ती कानासमोर आणि कानाखाली असलेली लाळेची मोठी ग्रंथी. ही ग्रंथी जबड्याच्या मागच्या कोपऱ्यावर पसरलेली असते. गालगुंड ओळखायची घरगुती खूण त्यातूनच मिळते.

मुलीला खिडकीसमोर, उजेडाकडे तोंड करून बसवा. आधी समोरून दोन्ही गाल ताडून बघा. मग तिच्या मागे उभे राहून कानाच्या पाळ्या बघा. ग्रंथी सुजली असेल तर त्या बाजूची पाळी वर आणि बाहेर ढकललेली दिसते. फोटोत हे फारसं कळत नाही, मागून बघितल्यावर लगेच लक्षात येतं.

आता हात धुऊन एक बोट हनुवटीपासून जबड्याच्या हाडावरून अलगद मागे न्या. निरोगी बाजूला जबडा जिथे वर वळतो तो कोपरा बोटाला स्पष्ट लागतो. सुजलेल्या बाजूला तो कोपरा मऊसर, कणकेसारख्या फुगवट्याखाली हरवला असेल आणि फुगवटा कानासमोरही पोहोचला असेल, तर लाळग्रंथीच सुजली आहे असं समजायला हरकत नाही. उलट जबड्याचा कोपरा साफ हाताला लागतोय आणि त्याच्या खाली, मानेत सुपारीएवढी गाठ सरकतेय, तर ती बहुधा अवधाणाची गाठ असते. घसा किंवा टॉन्सिल सुजले, डोक्यात उवा-खरूज झाली, दात किडला, की ती येते. दाढेच्या गळवाची सूज बहुतेक वेळा गालाच्या खालच्या भागात, हिरडीला लागून असते आणि चमच्याने ती दाढ हलकेच ठोकली की मूल कळवळतं.

शेवटी टॉर्च घेऊन तोंडात बघा. चमच्याच्या दांड्याने गाल बाहेर ओढला की वरच्या मागच्या दाढांसमोर, गालाच्या आतल्या बाजूला एक बारीक उंचवटा दिसतो. तिथे लाळेची नळी उघडते. गालगुंडात हे तोंड लाल आणि फुगीर दिसतं. तिथून पू येत असेल आणि गालाची कातडी लाल, गरम, ताणलेली असेल, तर तो जिवाणूंचा संसर्ग आहे. त्याला त्याच दिवशी डॉक्टर आणि बहुधा अँटिबायोटिक लागेल. ग्रंथी दाबून पिळून बघायची मात्र गरज नाही. दुखण्यापलीकडे त्यातून काही मिळत नाही.

घसाही बघून घ्या. टॉन्सिलवर किंवा पडजिभेपाशी राखाडी-पांढरट, चिकटून बसलेला पापुद्रा दिसला, तोंडाला घाण वास येत असला, दोन्ही बाजूंनी मान फुगली असली आणि मूल मलूल दिसत असलं, तर ते गालगुंड नव्हे, घटसर्प असू शकतो. आपल्याकडे घटसर्प अजून पूर्ण संपलेला नाही. अशा वेळी पुढचं काही वाचत बसू नका, थेट मोठं रुग्णालय गाठा.

सुजेची चालही बोलकी असते. गालगुंडाची सूज एक ते तीन दिवस वाढते, मग ओसरायला लागते आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत जाते. बऱ्याच मुलांना दुसऱ्या बाजूलाही येते, कधी त्याच दिवशी तर कधी दोन-चार दिवसांनी. पण साधारण चारात एकाला ती एकाच बाजूला राहते, त्यामुळे ‘एकच गाल सुजलाय म्हणजे गालगुंड नाही’ हा समज खोटा आहे. जेवायला बसलं की फुगणारी आणि तासाभरात उतरणारी सूज लाळेच्या नळीतल्या खड्याकडे बोट दाखवते. वर्षात दोन-तीनदा तोच गाल सुजणाऱ्या मुलाचा आजार वेगळा असतो, त्याला दर वेळी गालगुंड म्हणून घरी ठेवण्यात अर्थ नाही. काही मुलांत जबड्याखालच्याच लाळग्रंथी सुजतात, तेव्हा ही जबड्याच्या कोपऱ्याची खूण फसते. अशा वेळी वर्गात किंवा वाडीत कुणाला गालगुंड झालंय का, ही चौकशी जास्त कामाची ठरते.

लसीच्या कार्डावर काय लिहिलंय

‘सगळ्या लशी झाल्यात, मग गालगुंड कसं होईल?’ हा प्रश्न महाराष्ट्रात हमखास येतो. कार्ड काढा आणि नीट वाचा. सरकारी केंद्रात ९ ते १२ महिन्यांना आणि १६ ते २४ महिन्यांना मिळते ती ‘एमआर’, म्हणजे गोवर आणि रुबेलाची लस. २०१७ पासून टप्प्याटप्प्याने ती देशभर आली. गोवा पहिल्या टप्प्यात होता, महाराष्ट्रात मोहीम २०१८ च्या अखेरीस झाली. तिच्यात गालगुंडाचा घटक नाही. तो असतो ‘एमएमआर’मध्ये, आणि ती आपल्याकडे मुख्यतः खासगी बालरोगतज्ज्ञांकडे मिळते. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं वेळापत्रक तिचे तीन डोस सांगतं: ९ महिने, १५ महिने आणि ४ ते ६ वर्षांच्या दरम्यान. एका ‘एम’चा फरक आहे, पण कार्डावर फक्त ‘एमआर’ असेल तर मूल गालगुंडाला उघडं आहे. एमएमआरचे दोन डोस झालेल्या मुलालाही क्वचित होतो, पण सहसा सौम्य.

डॉक्टरकडे कधी आणि कसं

गालगुंडाचा संशय आला की एकदा डॉक्टरला दाखवणं योग्य, पण मध्यरात्री धावण्यासारखं ते सहसा नसतं. आधी फोन करून ‘कानाखाली सूज आहे, गालगुंड वाटतंय’ असं सांगा. बरेच दवाखाने मग गर्दीच्या वेळेऐवजी शेवटी बोलावतात किंवा बाहेर थांबायला सांगतात. त्या छोट्या वेटिंग रूममध्ये गरोदर बायका आणि महिन्याभराची बाळं बसलेली असतात. मुलीला मास्क लावून न्या आणि लसीचं कार्ड बरोबर ठेवा.

निदान बहुतेक वेळा बघून, हात लावूनच होतं. शाळेत साथ असेल किंवा शंका असेल तर गालाच्या आतून स्वॅब घेऊन आरटी-पीसीआर तपासणी करता येते. सूज आल्यापासून पहिल्या तीन दिवसांत घेतलेला नमुना सर्वांत उपयोगी पडतो. रक्तातलं अमायलेज वाढलेलं आलं की काही पालक स्वादुपिंड सुजल्याच्या भीतीने हबकतात. ते एन्झाइम लाळग्रंथीतूनही येतं, त्यामुळे पोट दुखत नसताना नुसत्या त्या आकड्याला घाबरू नये. गालगुंडाच्या विषाणूवर औषध नाही आणि अँटिबायोटिकचा त्याच्यावर परिणाम होत नाही. आग्रह करून ते लिहून घेतलं, तर पोट बिघडण्यापलीकडे हाती काही लागत नाही.

ताप आणि दुखणं: माप मिलीलिटरमध्ये

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरतं. मुलांसाठी एका वेळचं माप वजनाच्या दर किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत, दोन डोसांत किमान ६ तासांचं अंतर आणि २४ तासांत जास्तीत जास्त ४ डोस. आपल्या उदाहरणातल्या २४ किलोच्या मुलीला एका वेळी ३६० मिलिग्रॅमपर्यंत चालतं.

गफलत होते ती पुढे. बाजारात पॅरासिटामॉलचं सिरप वेगवेगळ्या ताकदीत मिळतं आणि बाटल्या दिसतात सारख्याच. लेबलवर ‘५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम’ असेल तर या मुलीला ७ मिली पुरे, म्हणजे ३५० मिलिग्रॅम. ‘५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम’ असेल तर १५ मिली लागतं. घरात जुनी सौम्य बाटली होती, ती संपल्यावर नवी कडक आणली आणि सवयीने तीन चमचे दिले, की ७५० मिलिग्रॅम पोटात गेलं, दुपटीहून जास्त. असं दोन-तीन दिवस चाललं तर यकृताला इजा होते. म्हणून प्रत्येक बाटली उघडताना लेबल वाचा, स्वयंपाकघरातल्या चमच्याऐवजी बाटलीबरोबरचं माप किंवा सिरिंज वापरा आणि डोस दिलेली वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण रात्री आई आणि आजी दोघींनीही औषध पाजल्याचं सकाळी कळतं. सर्दी-तापाच्या मिश्र सिरपमध्येही पॅरासिटामॉल असतं, दोन्ही एकत्र देऊ नयेत. बाळाच्या ड्रॉप्सची बाटली याहून कितीतरी तीव्र असते, ती मोठ्या मुलासाठी वापरायची नाही.

आयबुप्रोफेन डॉक्टरने सांगितलं तरच, जेवणानंतर. मूल पाणी पीत नसेल किंवा डेंग्यूची शक्यता असेल तर नाहीच. ॲस्पिरिन मुलांना विषाणूच्या तापात अजिबात द्यायचं नाही, त्यातून मेंदू आणि यकृताचा दुर्मीळ पण घातक आजार होऊ शकतो.

गालावर शेक गार किंवा कोमट, मुलीला जो बरा वाटेल तो. बर्फ थेट कातडीवर नको, रुमालात गुंडाळून १० मिनिटं ठेवायचा. लेपांबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. हळदीचा पातळ लेप सहसा त्रास देत नाही, पण सूज उतरवतो असंही नाही. चुन्याने कातडी भाजते. बिब्बा तर हमखास फोड आणतो, गालावर कायमचा डाग राहतो आणि त्या फोडात जिवाणू शिरला की साध्या आजाराचं मोठं प्रकरण होतं. डाग देण्याचा सल्ला कुणी दिला तर सरळ नकार द्या. सूज आठवड्यात आपली आपणच ओसरते, त्यामुळे श्रेय मात्र शेवटी केलेल्या उपायालाच मिळतं.

जेवण: आंबट बंद, चावणं कमी

सुजलेल्या ग्रंथीला लाळ सोडायला लावली की कळ येते, आणि आंबट चवीने लाळ सुटते. त्यामुळे लिंबू, चिंच, कोकम, लोणचं, संत्रं, आवळा, आंबट ताक आणि टोमॅटोचं सार काही दिवस बंद. ‘तोंडाला चव नाही’ म्हणून आजी प्रेमाने लिंबाची फोड देते आणि पोरगी गाल धरून रडते. नुसत्या लोणच्याच्या वासानेही काही मुलांना दुखतं, मग बाकीच्यांनीही ते बाजूला ठेवावं.

चावायला लागणार नाही असं द्या: गुरगुट्या भात आणि मुगाचं साधं वरण, तांदळाची पेज, दुधात शिजवलेलं नाचणीसत्त्व, रव्याची पातळ खीर, कुस्करलेलं केळं, दुधात कालवलेली पोळी. कडक भाकरी, चिवडा, शेंगदाणे नंतर. पदार्थ कोमट किंवा गार असला की गिळायला सोपा जातो. प्रत्येक जेवणानंतर एक पेला कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करायला लावा. तोंड स्वच्छ राहिलं की ग्रंथीत जिवाणू शिरण्याचा धोका कमी होतो. त्याच कारणाने दात घासणंही बंद करू नये, मऊ ब्रश वापरावा.

जेवण दोन दिवस कमी झालं तर फारसं बिघडत नाही, पाणी कमी झालं तर बिघडतं. २४ किलोच्या मुलीला दिवसभरात सगळं मिळून साधारण दीड लिटर द्रव जायला हवं, तापात त्याहून थोडं जास्त. एकदम पेला भरून दिला की ती नकार देते. दर १०-१५ मिनिटांनी तीन-चार घोट पाजले की हिशेब जमतो. पाणी, दूध, पेज, नारळपाणी सगळं चालतं. उलट्या होत असतील तर ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात विरघळवून २४ तासांत वापरा. अर्ध्या पेल्यात अर्धी पुडी असलं अंदाजपंचे काम नको. लघवी हेच मोजमाप: आठ तासांत झाली नाही किंवा गडद पिवळी, थोडीशीच झाली तर पाणी कमी पडतंय.

शाळेचे दिवस मोजायचे कसे

गालगुंड लाळेतून आणि खोकल्या-शिंकेच्या थेंबांतून पसरतं. सूज दिसायच्या आधी सुमारे दोन दिवसांपासून ते सूज आल्यानंतर पाच दिवसांपर्यंत मूल इतरांना ते देऊ शकतं. सूज पहिल्यांदा दिसली तो दिवस शून्य धरायचा. सोमवार ३ फेब्रुवारी शून्य, मंगळवार ४ तारखेला एक, असं करत शनिवार ८ तारखेला पाच. तेव्हा ८ तारखेपर्यंत शाळा, क्लास, मैदान, वाढदिवस सगळं बंद, आणि सोमवारी १० तारखेला ताप नसेल, खाणंपिणं नीट असेल तर शाळा. सूज थोडी शिल्लक असली तरी चालतं. दुसरी बाजू नंतर सुजली तरी मोजणी पहिल्या सुजेपासूनच, फक्त पुन्हा ताप चढला तर बरं वाटेपर्यंत घरीच. गावाकडे अजूनही नऊ-दहा दिवस घरी ठेवायची पद्धत आहे. मूल अशक्त असेल तर ठेवा, पण संसर्गासाठी एवढं लागत नाही.

मोजणी मागेही न्यायची. १ आणि २ फेब्रुवारीलाही ती संसर्ग पसरवत होती. १ तारखेला शनिवारची शाळा भरली असेल तर वर्गशिक्षिकेला आजच कळवा: सूज कधी दिसली, डॉक्टर काय म्हणाले आणि मुलगी कधी परत येईल. नाव वर्गात जाहीर न करता शाळा इतर पालकांना सावध करू शकते. एकाच बाटलीला तोंड लावून पाणी पिणं, डब्यातला चमचा वाटून घेणं आणि खेळाच्या तासाला एकच शिट्टी फिरवणं, हे तीन प्रकार थांबवायला सांगा. काही मुलांना सूज न येताच हा संसर्ग होऊन जातो, त्यामुळे ‘कुणामुळे झालं’ याचा शोध बहुधा चुकीच्या मुलापाशी जाऊन थांबतो.

घरात तिचा पेला, ताट, चमचा, टॉवेल आणि ब्रश वेगळा. ब्रश सगळ्यांच्या एकाच कपात ठेवलेला नको. भांडी नेहमीच्या साबणाने धुतली की पुरे, हा विषाणू साबणापुढे टिकत नाही. नाक-तोंड पुसलेला कागद लगेच कचऱ्यात, रुमाल धुवायला, आणि प्रत्येकाने २० सेकंद हात धुवायचे. एका खोलीचं घर असेल तर वेगळी खोली कुठून आणणार? खिडकी उघडी ठेवा आणि भावंडाला तिच्या शेजारी न झोपवता डोकं उलट्या दिशेला करून झोपवा, तेवढंही कामाचं आहे.

लागण झाल्यापासून सूज यायला बहुतेक वेळा १६ ते १८ दिवस लागतात, कमीत कमी १२ आणि जास्तीत जास्त २५. धाकट्या भावाला १ तारखेला लागण झाली असेल तर लवकरात लवकर १३ फेब्रुवारीला सूज येईल. शेवटचा धोका ८ तारखेचा धरला तर २५ दिवस ५ मार्चला संपतात. या दोन तारखांमध्ये त्याला कानाखाली दुखलं किंवा ताप आला की त्या दिवशी शाळा नको. तोवर तो ठणठणीत असेल तर त्याला घरी बसवायची गरज सहसा नसते. आता एमएमआर दिली तर? या वेळची लागण ती रोखेल असा भरवसा नाही, पण पुढच्या वेळेसाठी संरक्षण मिळतं, म्हणून कार्ड घेऊन डॉक्टरशी बोला.

घरात कुणी गरोदर असेल तर तिने मुलीची शुश्रूषा दुसऱ्याकडे सोपवावी आणि आपल्या डॉक्टरला कळवावं. गरोदरपणात एमएमआर घेत नाहीत. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेल्यांनीही लांब राहावं. ज्या काका-मामांना लहानपणी गालगुंड झालेलं नाही आणि लसही नाही, त्यांनीही, कारण वयात आलेल्या पुरुषांत अंडकोष सुजण्याचं प्रमाण बरंच असतं.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

डोकं ठणकतंय, मान पुढे वाकवता येत नाही, उजेड सहन होत नाही आणि उलट्या होतायत, ही मेंदूच्या आवरणाला सूज आल्याची लक्षणं असू शकतात. ‘हनुवटी छातीला लाव’ असं सांगून बघा. गाल दुखत असताना थोडं ओढणं वेगळं आणि मान लाकडासारखी ताठ होणं वेगळं. गालगुंडातली ही सूज बहुतेक वेळा बरी होते, पण ते रुग्णालयातच ठरवायचं. झटका आला, मूल बरळायला लागलं किंवा उठवूनही नीट जागं होत नसलं तर क्षणभरही थांबायचं नाही, १०८ ला फोन करा. श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा लाळही गिळता येत नसेल तरीही तेच.

त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायच्या गोष्टी थोड्या आहेत. पोटाच्या वरच्या भागात सतत दुखणं आणि वारंवार उलट्या, यात स्वादुपिंडाची शंका असते. वयात येणाऱ्या मुलाला अंडकोषात दुखणं किंवा सूज, हे लाजेने मूल सांगत नाही, म्हणून बाबांनीच सूज आल्यापासून पहिले दहा दिवस मधून मधून विचारावं. ताप तीन-चार दिवसांनंतरही राहिला किंवा उतरून पुन्हा चढला तरी दाखवा. सूज दहा दिवसांनंतरही तशीच राहिली तर निदान पुन्हा तपासून घ्या.

एक तपासणी घरी नक्की करा, कारण ती सहसा राहून जाते. गालगुंडात क्वचित एका कानाचं ऐकणं अचानक जातं, आणि दुसरा कान धड असल्यामुळे आठ वर्षांच्या मुलीला ते कळतही नाही. सूज असताना दोन-तीनदा आणि शाळा सुरू करण्याआधी एकदा, तिला डोळे मिटायला सांगून एका कानाजवळ अंगठा आणि बोट एकमेकांवर घासा, मग दुसऱ्या कानाजवळ. कधी कधी काहीच न घासता विचारा, म्हणजे ती अंदाजाने ‘हो’ म्हणते का ते कळेल. एका बाजूचा आवाज येत नसेल, कानात गुंजतंय म्हणत असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर तिची श्रवण तपासणी त्याच आठवड्यात नव्हे, त्याच दिवशी करून घ्या.